रजिस्टर रिकामं, रुग्ण नवे

डिसेंबर २००५ अखेर भारताने कुष्ठरोगाच्या बाबतीत एक मोठा टप्पा गाठला. दर दहा हजार लोकसंख्येमागे उपचार घेत असलेल्या रुग्णांचं प्रमाण ०.९५ वर, म्हणजे एकाच्या आत आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार कुष्ठरोग आता देशपातळीवर ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या’ उरला नव्हता. सरकारी पत्रकं निघाली, अभिनंदनं झाली. आणि त्याच २००५-०६ या वर्षात देशात दीड लाखाहून जास्त नवे कुष्ठरुग्ण सापडले. रजिस्टरवर उपचार घेणारे सगळे मिळून साधारण एक लाख, आणि वर्षभरात नव्याने सापडलेले त्याहून कितीतरी अधिक!

हा हिशेब वाचून कुणीतरी आकडे फिरवले असणार असं वाटतं. आकडे खरेच होते. फक्त ते दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं होते. सार्वजनिक आरोग्याच्या कोणत्याही अभ्यासक्रमात, मग तो परिचारिकांचा असो, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचा असो की पदव्युत्तर असो, वाचनसंचाच्या पहिल्या काही पानांतच हे दोन प्रश्न येतात. ‘आज आजारी किती?’ याचं उत्तर म्हणजे प्रिव्हलन्स. ‘या वर्षात नव्याने आजारी किती पडले?’ याचं उत्तर म्हणजे इन्सिडन्स. व्याख्या विद्यार्थ्यांना एका वाचनात पाठ होते. घोळ होतो तो आकडेमोडीला बसल्यावर, म्हणून एक छोटं उदाहरण शेवटपर्यंत सोडवलेलं बरं.

समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली दहा हजार वस्तीची काही गावं आहेत. गावं कल्पित आहेत आणि हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून रुग्ण जरा जास्त धरले आहेत. कुष्ठरोगाचे उपचार मात्र खरे, आज चालतात तसेच. अंगावर एक ते पाच चट्टे असतील तर तो पीबी प्रकार, त्याला सहा महिने औषध. सहा किंवा अधिक चट्टे असतील तर एमबी, त्याला बारा महिने. औषधाची पाकिटं अठ्ठावीस दिवसांची येतात. पाकिटं पूर्ण झाली की रुग्ण ‘उपचारमुक्त’ होतो आणि त्याचं नाव चालू रजिस्टरमधून निघतं.

१ जानेवारीला या रजिस्टरवर चार नावं आहेत. पहिला एमबी रुग्ण गेल्या जूनमध्ये सापडला होता, तो मे अखेर बाहेर पडेल. दुसराही एमबी, सप्टेंबरातला, तो ऑगस्ट अखेर सुटेल. तिसरा पीबी, ऑक्टोबरातला, त्याचं औषध मार्च अखेर संपेल. चौथा एमबी, नोव्हेंबरातला, तो ऑक्टोबर अखेरपर्यंत राहील. या चौघांत वर्षभरात सहा नवे येऊन मिळतात. फेब्रुवारी, मे आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला एकेक पीबी, तर एप्रिल, जुलै आणि नोव्हेंबरच्या मध्यावर एकेक एमबी.

आता कागदावर बारा महिन्यांचे बारा रकाने आखावेत आणि प्रत्येक रुग्णासाठी एक आडवी रेघ ओढावी. उपचार जिथे सुरू झाले तिथे रेघेची सुरुवात, जिथे संपले तिथे शेवट. दहा रुग्ण, दहा रेघा. काही डाव्या कडेच्या बाहेरून आत येतात, काही उजव्या कडेतून बाहेर जातात. साथरोगशास्त्राच्या वर्गात हे चित्र काढायला लावतात, आणि ते एकदा काढलं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

प्रिव्हलन्स काढायचा तर या चित्रावर पट्टी उभी धरायची आणि ती किती रेघांना छेदते ते मोजायचं. १ जानेवारीला चार रेघा छेदल्या जातात, म्हणजे दहा हजारी ४. पट्टी सरकवत १ जुलैला आणली, तर पहिला आणि तिसरा जुना रुग्ण सुटलेले आहेत. दुसरा आणि चौथा अजून औषधावर आहेत, आणि फेब्रुवारी, एप्रिल व मे या महिन्यांतले तिघे त्यांच्या जोडीला आलेले आहेत. एकूण पाच. जुलैच्या मध्यावर येणारा अजून आलेला नाही, तो मोजायचा नाही. ३१ डिसेंबरला पट्टी धरली तर पुन्हा चार. यातले एप्रिल, जुलै, सप्टेंबर आणि नोव्हेंबरचे, म्हणजे जानेवारीतल्या चौघांपैकी एकही नाही. आकडा चारचा चार, माणसं मात्र सगळी बदललेली.

इन्सिडन्ससाठी पट्टी लागत नाही. वर्षाच्या चौकटीत किती रेघा *सुरू* झाल्या ते मोजायचं: सहा. छेदात ज्यांना हा आजार नव्याने होऊ शकतो तेवढेच लोक घ्यायचे. चौघं आधीच आजारी आहेत, त्यामुळे छेद ९,९९६. उत्तर वर्षाला दहा हजारी ६. इथे चार माणसांनी काही बिघडत नाही, पण आजार सर्रास आढळणारा असेल तर छेदातली ही वजाबाकी विसरून चालत नाही. दहा हजार प्रौढांत एक हजार मधुमेही आधीच असतील आणि वर्षात नव्वद नवे आढळले, तर ९० भागिले ९,००० करायचं, म्हणजे वर्षाला एक टक्का. ज्यांना मधुमेह आधीच आहे त्यांना तो पुन्हा नव्याने व्हायचा नाही.

तिसरी एक मोजणीही असते. वर्षभरात कधी ना कधी रजिस्टरवर असलेले सगळे, जुने आणि नवे मिळून. आपल्या गावांत ते दहा. याला त्या कालावधीचा प्रिव्हलन्स म्हणतात. परीक्षेत हमखास चुकणारी जागा हीच, कारण विद्यार्थी हे दहा उचलतात आणि ‘वर्षभराचा आकडा’ म्हणून इन्सिडन्सच्या खात्यात टाकतात. अशी चूक वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही दिसते, तेव्हा एकट्या विद्यार्थ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

या दोन आकड्यांना जोडणारा धागा म्हणजे आजार, किंवा इथे उपचार, किती काळ चालतो तो कालावधी. महाविद्यालयाचं उदाहरण घेतलं तर हे चटकन कळतं. दरवर्षी शंभर प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयात तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असेल तर पटावर तीनशे विद्यार्थी दिसतील. तेवढेच प्रवेश एक वर्षाच्या पदविकेला दिले तर शंभरच. प्रवेश म्हणजे इन्सिडन्स, पट म्हणजे प्रिव्हलन्स. सूत्र असं:

प्रिव्हलन्स = इन्सिडन्स × सरासरी कालावधी

आपल्या गावांना हे लावून पाहू. सहा नव्या रुग्णांपैकी तिघांना सहा महिने आणि तिघांना बारा महिने औषध, म्हणजे सरासरी नऊ महिने, पाऊण वर्ष. सहा गुणिले पाऊण, साडेचार. पट्टी धरून मोजलेले आकडे चार, पाच आणि चार होते. सूत्र आणि पट्टी एकमेकांना धरून आहेत. औषध सांभाळणाऱ्या फार्मासिस्टला तर हाच साडेचारचा आकडा हवा असतो. दर पाकीट-महिन्याला साधारण साडेचार पाकिटं लागणार, म्हणजे सहा नव्या रुग्णांच्या पूर्ण उपचाराला मिळून चौपन्न.

यातला फक्त एक आकडा बदलला तर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. समजा एमबी रुग्णाला बाराऐवजी चोवीस महिने औषध दिलं जातं. नवे रुग्ण तेच सहा. सरासरी कालावधी मात्र पंधरा महिने झाला, सव्वा वर्ष. सहा गुणिले सव्वा, साडेसात. गावात एकही माणूस जास्त आजारी पडलेला नाही, जंतूचा फैलाव तसूभरही वाढलेला नाही, तरी रजिस्टर साडेचारवरून साडेसातवर गेलं. आणि उलट दिशेने, चोवीसचे बारा महिने केले, तर तेच रजिस्टर चाळीस टक्क्यांनी हलकं होतं.

भारतातल्या कुष्ठरोगाच्या आकड्यांची गोष्ट बरीचशी हीच आहे.

बहुविध औषधोपचार येण्यापूर्वी डॅप्सोन हे एकच औषध हाती होतं. ते वर्षानुवर्षं, सांसर्गिक रुग्णांना तर बहुधा आयुष्यभर घ्यावं लागे. त्यामुळे एकदा रजिस्टरवर चढलेलं नाव सहसा उतरत नसे. १९८१ साली देशातलं प्रमाण दहा हजारी सुमारे ५७ होतं, ते अशा साचत गेलेल्या नावांसकट. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन ही औषधं एकत्र देण्याची शिफारस केली. १९८३ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. हा औषधोपचार सर्वांत आधी सुरू झालेल्या जिल्ह्यांत आपला वर्धा जिल्हा होता. आता उपचाराला शेवट आला. ज्यांचं औषध पूर्ण झालं त्यांची नावं निघाली, आणि जुनी रजिस्टरं तपासताना बरे झालेले, गाव सोडून गेलेले, वारलेले, दुबार नोंदलेले असे कितीतरी जण गळाले. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ‘दहा हजारी एकपेक्षा कमी’ हे लक्ष्य ठरवलं. १९९८ मध्ये तज्ज्ञ समितीने एमबीचा उपचार चोवीस महिन्यांवरून बारा महिन्यांवर आणला. वरच्या गावांत आपण केलेला हिशेब इथे देशाच्या रजिस्टरवर घडला.

२००१ सालापर्यंत प्रमाण दहा हजारी चारच्या खाली उतरलं होतं. म्हणजे वीस वर्षांत नव्वद टक्क्यांहून मोठी घट. पण १९९० च्या दशकात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांची संख्या बघितली, तर ती साधारण चार लाखांच्या वरच राहिली. पट उतरत होता, प्रवेश चालूच होते.

याचा अर्थ ते यश खोटं होतं, असा काढू नये. लाखो लोकांचे उपचार पूर्ण झाले आणि कितीतरी हात-पाय विकृतीपासून वाचले. पण ज्या कामाचं श्रेय त्या आकड्याला दिलं गेलं, ते काम तो आकडा मोजतच नव्हता. रजिस्टर उतरलं याचा अर्थ लोक औषध घेऊन बाहेर पडले. नव्या माणसाला संसर्ग होणं थांबलं का, हे त्यातून कळत नाही. ‘निर्मूलन’ हा शब्द मात्र नेमका तोच समज करून देत होता.

मोजणीच्या तारखेचाही एक खोडसाळ भाग आहे. कार्यक्रमात रजिस्टरवरचे रुग्ण आर्थिक वर्षाच्या शेवटी, ३१ मार्चला मोजतात. म्हणजे आपली उभी पट्टी दरवर्षी त्याच तारखेला पडते. एखादा पीबी रुग्ण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सापडला आणि त्याने वेळच्या वेळी औषध घेतलं, तर सप्टेंबर अखेरच्या सुमारास तो उपचारमुक्त होतो. मार्चच्या मोजणीत त्याचा मागमूसही नसतो. त्याच्या अंगावर चट्टा होता, तो कुणाच्या तरी संसर्गातून आजारी पडला होता, घरातल्या इतरांना तपासायची गरज होती. हे सगळं घडून गेलं आणि वर्षअखेरच्या प्रमाणात शून्याचीही भर पडली नाही.

२०१६-१७ चे आकडे हाती घेऊन हे पडताळता येतं. त्या वर्षी देशात १,३५,४८५ नवे रुग्ण नोंदले गेले. त्यातले निम्मे एमबी, निम्मे पीबी, म्हणजे आपल्या कल्पित गावांसारखीच विभागणी. सरासरी पाऊण वर्ष धरलं तर रजिस्टरवर साधारण एक लाख नावं दिसायला हवीत. वर्षअखेर प्रत्यक्षात होती ८८,१६६. प्रमाण दहा हजारी ०.६६. हा फरक का पडला? एक कारण त्या वर्षाच्या दिनदर्शिकेतच आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१६ मध्ये अनेक राज्यांत घरोघरी जाऊन कुष्ठरुग्ण शोध अभियान झालं आणि त्यात तीस हजारांहून अधिक रुग्ण सापडले. त्यातल्या पीबी रुग्णांचे सहा महिने मार्च अखेरपर्यंत बहुतेक संपतच आले होते. दुसरं कारण म्हणजे वरचं सूत्र एका अटीवर चालतं: येणारे आणि जाणारे यांचा वेग बऱ्यापैकी स्थिर हवा, आणि आजार विरळ हवा. अभियानासारखी एकदम उसळी आली की सूत्र थोडं चुकतं. थोडं चुकलं तर ठीक, पण अंदाज आणि नोंद यांत दुपटीचं अंतर दिसलं, तर तिथे नोंदवही तपासायला बसावं.

इथे एक मेख आहे. ‘नवे सापडलेले’ म्हणजे ‘नवे आजारी पडलेले’ नव्हेत. कुष्ठरोगाचा जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीस वर्षंही. त्यात चट्टा न दुखणारा, न खाजणारा आणि बधिर. त्यामुळे कुणी मुद्दाम दवाखान्यात जात नाही. आशाताई घरी येऊन विचारते, पाठ दाखवायला सांगते, तेव्हा तो उजेडात येतो. म्हणून कार्यक्रमाच्या कागदपत्रांत ‘इन्सिडन्स’ असं लिहीत नाहीत, ‘नवीन रुग्ण शोध प्रमाण’ असं लिहितात. ते प्रामाणिकपणाचं आहे. शोध वाढवला की हा आकडा वाढतो, शोध थांबवला की घटतो, आणि आजार जागच्या जागी असतो. २००५ नंतर घरोघरच्या सर्वेक्षणांचा जोर ओसरला आणि कुष्ठरोगाचं काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलं. नव्या रुग्णांचा आकडा दहा वर्षं सव्वा ते पावणेदोन लाखांच्या पट्ट्यात राहिला, त्यात खरी घट किती आणि न शोधल्याची घट किती, हे एकट्या त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

त्यासाठी जाणकार आणखी दोन गोष्टी बघतात. पहिली, सापडतानाच ज्यांच्या हातापायांत किंवा डोळ्यांत दिसण्याजोगी विकृती आली आहे अशांचं प्रमाण. हे वाढलं तर रुग्ण उशिरा सापडताहेत असं समजावं. २०१४-१५ मध्ये ते साडेचार टक्क्यांच्या पुढे गेलं होतं, आणि २०१६ च्या घरोघरच्या अभियानामागे ही काळजी होतीच. दुसरी गोष्ट म्हणजे नव्या रुग्णांत मुलांचा वाटा. सात-आठ वर्षांच्या मुलाला चट्टा आहे याचा अर्थ संसर्ग फार जुना असूच शकत नाही. तो गेल्या काही वर्षांतच, बहुधा घरात किंवा शेजारात झालेला आहे. इन्सिडन्स थेट मोजता येत नसेल तर ही मुलंच त्याची सर्वांत खरी साक्ष देतात.

कालावधीची ही किमया उलट दिशेनेही चालते, आणि तिथे ती आणखी गोंधळात टाकते. एचआयव्हीचं उदाहरण घ्या. भारतात एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी औषधं मोफत मिळू लागली. औषध बरं करत नाही, पण माणूस वर्षानुवर्षं जगतो. म्हणजे रेघ लांबते. नवे संसर्ग घटत असतानाही एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या त्याच वेगाने घटत नाही, काही काळ ती वाढूही शकते. इथे प्रिव्हलन्स टिकून राहणं ही औषध पोचल्याची खूण आहे. कुष्ठरोगात रजिस्टर रिकामं होणं हे उपचार पुरे झाल्याचं लक्षण होतं, एचआयव्हीत ते भरलेलं राहणं हे माणसं जगल्याचं. आकडा चढला की वाईट आणि उतरला की चांगलं, हा ठोकताळा दोन्हीकडे फसतो.

काम काय आहे त्यावर कोणता आकडा घ्यायचा ते ठरतं. जिल्ह्याला किती पाकिटं मागवायची, किती खाटा, किती फिजिओथेरपिस्ट, याला प्रिव्हलन्स लागतो. आजार कशामुळे होतो, कुठल्या वस्तीत पसरतोय, एखादा उपाय लागू पडला का, याला इन्सिडन्स लागतो. कुष्ठरोगात तर प्रिव्हलन्सलाही एक मोठं भोक आहे. उपचारमुक्त झालेला पण बोटं वाकडी राहिलेला, तळपायाला संवेदना नसलेला माणूस चालू रजिस्टरवर नसतो. त्याला खास चपला, जखमेची काळजी, कधी शस्त्रक्रिया पुढेही लागते. जंतूच्या हिशेबात तो बरा आहे, त्याच्या स्वतःच्या हिशेबात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ ते २०३० या दशकासाठीचं धोरण आखताना ‘दहा हजारी एक’ हा जुना मापदंड मागे ठेवला आणि संसर्गाची साखळी तुटणं हे उद्दिष्ट समोर धरलं. भारतानेही ३० जानेवारी २०२३ रोजी २०२३-२७ चा राष्ट्रीय आराखडा जाहीर करून २०२७ पर्यंत संसर्ग शून्यावर आणायचं ठरवलं. संसर्ग थांबला असं मानायला आता रजिस्टरवर किती नावं आहेत हे बघायचं नाही. त्या भागात सलग किमान पाच वर्षं एकाही स्थानिक मुलात नवा कुष्ठरोग आढळता कामा नये, अशी अट आहे.